शूजमधला ज, गर्ल्समधला स

महाविद्यालयाच्या आवारात दोन पाट्या हमखास दिसतात: ‘बॉईज हॉस्टेल’ आणि ‘गर्ल्स हॉस्टेल’. इंग्रजीत दोन्ही शब्दांच्या शेवटी एकच अक्षर आहे, एस. त्याचं कामही एकच, अनेकवचन करण्याचं. मराठीत मात्र एका पाटीवर ज आला आणि दुसरीवर स. बाजारपेठेतून फिरताना हाच प्रकार दिसतो. शूज, टॉकीज, मूव्हीज एका बाजूला. ज्वेलर्स, टेलर्स, टूर्स अँड ट्रॅव्हल्स, जीन्स दुसऱ्या बाजूला.

कोणी न ठरवता यात एक शिस्त आली आहे. एसच्या आधी स्वर असला की आपण ज म्हणतो, व्यंजन असलं की स. ही शिस्त इंग्रजीच्या नियमाच्या अगदी जवळ पोचते आणि अर्ध्या वाटेवर थांबते. इंग्रजीत वरच्या साऱ्या शब्दांचा शेवट ज असाच होतो. गर्ल्ज, ज्वेलर्ज, ट्रॅव्हल्ज, जीन्ज. (शेवटचा हा ज ‘जहाज’मधला, ‘जीव’मधला नव्हे. या लेखात शब्दाच्या शेवटी येणारा ज सगळीकडे असाच वाचावा.) मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यायला हवं, कारण कष्ट कुठे घ्यायचे आणि कुठे नाहीत हे त्यावरून ठरतं.

नियम समजून घ्यायला नवा तक्ता लागत नाही. तो पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेला असतो. आपल्या वर्णमालेत प्रत्येक वर्गातली पहिली दोन व्यंजनं अघोष आणि पुढची तीन घोष आहेत. क आणि ख म्हणताना घशातल्या स्वरतंतूंचं कंपन होत नाही, ग म्हणताना होतं. त, प, ट अघोष. द, ब, ड घोष. श आणि स अघोष. न, म, य, र, ल, व आणि सगळे स्वर घोष. स आणि ज ही इंग्रजी प्रत्ययाची दोन रूपं याच बाबतीत वेगळी आहेत: जीभ साधारण त्याच जागी, पण स म्हणताना घसा शांत असतो आणि ज म्हणताना कंप पावतो. आता नियम एका वाक्यात सांगता येतो. मूळ शब्दाचा शेवटचा ध्वनी अघोष असेल तर प्रत्ययही अघोष, घोष असेल तर प्रत्ययही घोष. म्हणून बुक्स, चिप्स, नोट्स. पण डॉग्ज, पेन्ज, रूम्ज, शूज.

संधी शिकवलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. ‘वाक्’ला ‘विहार’ जोडला की ‘वाग्विहार’ होतो, ‘विपद्’ला ‘काल’ जोडला की ‘विपत्काल’. शेजारी आलेले दोन ध्वनी घोष-अघोषाच्या बाबतीत एकमेकांशी जुळवून घेतात. फरक एवढाच की या संधींमध्ये पहिला दुसऱ्यासाठी बदलतो, तर इंग्रजीच्या या प्रत्ययांत दुसरा पहिल्यासाठी बदलतो. मूळ शब्द जसाच्या तसा राहतो, मागून आलेल्या प्रत्ययाला नमतं घ्यावं लागतं.

तिसरं रूप उरलं. ‘बस’ला स जोडायचा झाला तर दोन स शेजारी येतील आणि प्रत्यय लागला की नाही हे कानाला कळणारच नाही. म्हणून इंग्रजी तिथे मध्ये एक आखूड स्वर घालते. बसेस, ड्रेसेस, मॅचेस हे शब्द आपण असेच उचलले आहेत. मूळ शब्द स, ज, श, च किंवा ‘जज्’मधल्या ज सारख्या, सिसकारीच्या ध्वनीने संपत असेल तेव्हाच हा स्वर येतो. आणि स्वर घोष असल्यामुळे त्याच्यामागे काटेकोरपणे ज हवा: बसिज, ड्रेसिज. पण मूल बसेस म्हणत असेल तर मी पहिल्या वर्षी त्याला अडवणार नाही. त्याने स्वर योग्य जागी घातला आहे, महत्त्वाचं काम झालेलं आहे.

भूतकाळाचा ई-डी हा प्रत्यय याच नियमाने चालतो, हे मात्र पाठ्यपुस्तकं क्वचितच सांगतात. एसचे तीन नियम एका धड्यात, ई-डीचे तीन दुसऱ्या धड्यात, म्हणजे मुलाला पाठ करायला सहा गोष्टी. प्रत्यक्षात गोष्ट एकच आहे. रिटायर्डमध्ये र घोष, म्हणून ड. ‘स्टफ्ड’ पराठ्यातला फ अघोष, म्हणून इंग्रज माणूस म्हणतो स्टफ्ट. आणि लिमिटेड, युनायटेड यांत मूळ शब्द ट ने संपतो, त्याला आणखी ट किंवा ड चिकटला तर ऐकू येणार नाही, म्हणून मध्ये स्वर. जो ध्वनी प्रत्ययाच्या फार जवळचा, तिथे स्वर. बाकी सगळीकडे घोषाला घोष, अघोषाला अघोष.

इथे एक सावधगिरी हवी. नियम ध्वनी पाहतो, अक्षर पाहत नाही. ‘लाफ’च्या स्पेलिंगच्या शेवटी जी आणि एच आहेत, पण ऐकू येतो फ, म्हणून लाफ्ट. ‘फिक्स’च्या शेवटी एक्स, पण ऐकू येतो क्स, म्हणून फिक्स्ट. ‘होप’च्या शेवटी लिहिताना ई असतो, बोलताना प, म्हणून होप्ट. फळ्यावर शब्दांच्या यादीतली शेवटची अक्षरं अधोरेखित करून हा धडा घेतला तर निम्मी उदाहरणं दगा देतात. मुलांनी शब्द आधी मोठ्याने म्हणायला हवा.

आता मराठी मुलाच्या तोंडी नेमकं काय होतं ते पाहू. सहावीतल्या मुलाने रविवारी काय केलं ते लिहिलं आहे असं धरू. सायकल धुतली, चेन साफ केली, भावाने मदत केली, पावसाची वाट पाहिली, पाऊस थांबला, मग खेळलो. क्रियापदं सहा: वॉश, क्लीन, हेल्प, वेट, स्टॉप, प्ले. लिहिलेलं वाचताना ते बहुधा असं वाचतं: वॉशेड, क्लीन्ड, हेल्पेड, वेटेड, स्टॉपेड, प्लेड. सहांपैकी तीन बरोबर आहेत आणि तीन चुकले आहेत. चुकलेल्यांकडे नीट पाहिलं तर श, प, प. तिन्ही अघोष. क्लीन आणि प्लेच्या स्पेलिंगमध्येही तोच ई आहे, पण तिथे मूल तो गिळतं. मग वॉशला का गिळत नाही? कारण लिहिलेला डी पाहून त्याने ठरवलेलं असतं की शेवटी ड यायलाच हवा. न पाठोपाठ ड सुखाने येतो. श किंवा प पाठोपाठ ड म्हणायला जीभ आणि घसा अडतात, आणि मग लिहिलेला ई मदतीला धावून येतो.

म्हणूनच ‘ई उच्चारू नकोस’ एवढं सांगून भागत नाही. त्याला ट म्हणायची मुभा द्यावी लागते. ‘हेल्प’ म्हण, ओठ मिटलेले असतानाच लगेच पुढचा ध्वनी काढ, मध्ये अ, इ, ए काही येऊ देऊ नकोस. तोंडातून ट आला तर तोच हवा आहे. देवनागरी इथे फार उपयोगी पडते. मुलाने वहीत स्पेलिंगखाली हेल्प्ट, स्टॉप्ट, वॉश्ट असं लिहून ठेवावं. बरीच मुलं हेल्प्ड असं लिहितात आणि मग ते वाचायला पुन्हा स्वर घालतात. आपण जोडाक्षराने संपणारा शब्द म्हणताना शेवटी हलकासा अ सोडतो, ‘वस्त्र’ किंवा ‘चंद्र’ म्हणून पाहा. ती सवय इथे आड येते, म्हणून शेवटच्या अक्षराचा पाय मोडून लिहायला सांगितलं तर आणखी चांगलं.

एवढं झालं की ई-डीच्या बाबतीत शिक्षकाचं काम जवळजवळ संपतं. घोष ध्वनींमागे ड आपण आपसूक म्हणतो, अघोषांमागे स्वर काढला की ट आपसूक येतो. वर्गात ट आणि ड यांचे रकाने पाडून तासन्‌तास घालवण्याची गरज नाही. तो वेळ एसला द्यायला हवा, कारण तिथे तोंड आपोआप काही करत नाही. न, ल, र आणि म यांच्यामागे स सुद्धा सहज उच्चारता येतो, ज सुद्धा. इंग्रजीत दोन्ही सापडतात. आणि इथेच ध्वनीचा नियम शब्दाच्या घडणीला जाऊन भिडतो.

पेन या शब्दाचं अनेकवचन पेन्ज. ब्रिटिश नाण्याचं जुनं अनेकवचन मात्र पेन्स. पहिल्यात न नंतर ज आहे, दुसऱ्यात न नंतर स. तसंच ‘तेव्हापासून’ या अर्थाचा सिन्स आणि ‘पापं’ या अर्थाचा सिन्ज. ‘एकदा’चा वन्स आणि अनेकवचनी वन्ज. मूळ शब्दाच्या पोटात न नंतर स चालतो, इंग्रज कानाला त्यात काही खटकत नाही. पण प्रत्यय म्हणून लागलेला एस न नंतर कधीही स होत नाही. याचा अर्थ ऐकणाऱ्याला तो एक ध्वनी दोन गोष्टी सांगतो: कोणता शब्द, आणि या शब्दाला प्रत्यय लागलेला आहे की नाही. आपण दुकानात पेन्स मागितले तर संदर्भाने काम भागतं. वाक्य लांब असलं, विषय अनोळखी असला, तर ऐकणारा क्षणभर एकच अखंड शब्द ऐकतो आणि मागे पडतो.

घडणीचा पगडा किती खोल आहे ते ‘वाइफ’ या शब्दात दिसतं. त्याचं अनेकवचन वाइव्ह्ज. इथे मात्र मूळ शब्दच बदलला, फ चा व्ह झाला, आणि घोष व्ह मागे ज आला. पण ‘बायकोचा’ असं म्हणायचं असेल तर तोच एस लागून वाइफ्स होतं, मूळ शब्द जागचा हलत नाही. अक्षर तेच, मूळ तेच, पण अनेकवचनाचा एस वेगळा आणि मालकीचा एस वेगळा. नाइफ, लाइफ, लीफ असे मोजकेच शब्द या गटात आहेत. ते शब्द म्हणूनच शिकवावेत, नियम म्हणून नव्हे.

ई-डीचीही अशी एक छोटी वसाहत आहे. उच्च न्यायालयात वकील समोरच्या वकिलाचा उल्लेख ‘माय लर्निड फ्रेंड’ असा करतात. इथे दोन अवयवांचा लर्निड बरोबरच आहे. ‘शिकला’ या क्रियापदाचं रूप लर्न्ड किंवा लर्न्ट, पण ‘विद्वान’ या विशेषणात मधला स्वर जिवंत राहिला आहे. नेकिड, विकिड, क्रुकिड ही अशीच विशेषणं. हा स्वर एकेकाळी सगळीकडे होता. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळात, ई-डी हा साधारणपणे पूर्ण उच्चारायचा प्रत्यय होता. पुढच्या शतकांत बोलण्यातून तो हळूहळू झिजला. शेक्सपिअरच्या नाटकांत छंदाच्या सोयीने कधी स्वर असलेलं, कधी नसलेलं रूप येतं. 1712 साली जोनाथन स्विफ्टने इंग्रजी भाषा सुधारण्याविषयी जे जाहीर निवेदन लिहिलं, त्यात हा स्वर गाळून व्यंजनं एकमेकांवर आदळवण्याच्या सवयीवर त्याने कडक टीका केली. टीकेने काही थांबलं नाही. स्वर गेला, स्पेलिंग राहिलं. स्टॉपेड वाचणारं मूल त्या स्पेलिंगवर विश्वास ठेवतं, आणि त्याला हा इतिहास दोन मिनिटांत सांगितला तर ते पुढे जास्त सहज विसंबणं सोडतं, असा माझा ठाम समज आहे.

एसकडे परत येऊ. ज हा ध्वनी मराठी मुलाला नवा नाही, ही फार मोठी सोय आहे. जरा, जखम, बाजार यांत तो आहे. फक्त आपला ज म्हणताना बहुतेकदा जिभेचा शेंडा क्षणभर वर टेकतो. इंग्रजी ज मध्ये जीभ टेकत नाही, हवा सलग वाहते. हा बारकावा ‘कार’ आणि ‘कार्ड’ यांच्या अनेकवचनात ऐकू येतो: कार्डच्या अनेकवचनात जीभ टेकते, कारच्या अनेकवचनात टेकत नाही. वर्गात करून घ्यायला सोपा मार्ग असा. मुलांनी लांब स म्हणायचा, दोन्ही तळहातांनी कान घट्ट दाबायचे, आणि जीभ न हलवता आवाज सुरू करायचा. डोक्यात घुमल्यासारखं ऐकू आलं की ज मिळाला. घशाला हात लावण्यापेक्षा कानांवर हात ठेवणं लहान मुलांना लवकर साधतं. एक मात्र पाहावं: मुलं कुजबुजत असतील तर घोष ध्वनी तयारच होत नाही, आणि सगळा प्रयोग फसतो.

मग ज वाक्यात आणायचा. शब्दाच्या अगदी शेवटी, थांब्यापूर्वी, ज म्हणणं सगळ्यांत अवघड असतं. खुद्द इंग्रज बोलणारेही तिथे आवाज लवकर सोडतात, ज अर्धवट स होतो. तरी ऐकणाऱ्याला फरक कळतो, कारण त्याआधीचा स्वर लांबतो. बॅग्ज आणि बॅक्स यांत खरा फरक शेवटच्या ध्वनीइतकाच अ‍ॅ च्या लांबीत असतो. म्हणून शेवटी जोर लावून ज घुमवायला लावू नये. स्वर ताणायला सांगावं, आणि सराव अशा वाक्यांनी सुरू करावा जिथे पुढचा शब्द स्वराने सुरू होतो. ‘पेन्ज आर’ एका दमात म्हटलं की पेन-झार असं काहीसं होतं. ज दोन स्वर-घोष ध्वनींच्या मध्ये येतो आणि आपसूक घोष राहतो. ई-डीलाही हेच लागू पडतं. ‘हेल्प्ट अस’ म्हणजे हेल्प-टस, ‘स्टॉप्ट अ‍ॅट’ म्हणजे स्टॉप-टॅट. इथे प्रत्यय पुढच्या शब्दाचा पहिला ध्वनी बनतो आणि मूल तो गाळू शकत नाही. याउलट ‘वॉक्ट बाय’ सारख्या ठिकाणी, तीन व्यंजनांच्या गर्दीत, इंग्रज माणूसही ट पुष्कळदा गिळतो. तिथे मुलाने गिळला तर लाल पेन उचलू नये.

नियम मुलात रुजला की फक्त शब्द पाठ झाले, हे कसं ओळखायचं? 1958 साली अमेरिकेत जीन बर्को यांनी यासाठी एक सुरेख युक्ती केली. मुलांना एका काल्पनिक पाखरासारख्या प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव सांगितलं वग. मग अशा दोन प्राण्यांचं चित्र दाखवून विचारलं, हे दोन काय? हा शब्द मुलांनी कधीच ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी वग्ज म्हटलं. पण ‘टास’ या बनावट शब्दाचं अनेकवचन करायला सांगितल्यावर सुमारे एक तृतीयांश मुलांनाच मधला स्वर सुचला, ग्लासचं अनेकवचन मात्र दहांपैकी नऊ जणांना येत होतं. म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही स्वर घालायची जागा सर्वांत उशिरा उमगते. ग्लासिज त्यांनी आख्खा शब्द म्हणून उचललेला असतो. आपल्या वर्गातही बनावट शब्द वापरावेत. एक गिब, दोन? रोज तो झुक करतो, काल त्याने? गिब्स म्हणणाऱ्या मुलाने डॉग्ज बरोबर म्हटलं होतं, तर तो पाठ होता हे लगेच कळतं.

एक प्रश्न मात्र कानाने सुटत नाही. मूल ‘आय वॉक होम’ म्हणतं, तेव्हा त्याने ट गिळला, की भूतकाळ हा विचारच त्याच्या मनात नव्हता? 1960च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काम करणाऱ्या विल्यम लबोव्ह यांनी यावर जो मार्ग काढला, तो आपल्या शाळांत जसाच्या तसा चालतो. ‘वाचणे’ या इंग्रजी क्रियापदाचं वर्तमान आणि भूतकाळ एकाच स्पेलिंगने लिहितात. उच्चार मात्र वर्तमानात रीड, भूतकाळात रेड. मुलाला असं वाक्य वाचायला द्यायचं: ‘मी पेटी उघडली तेव्हा ते पत्र वाचलं.’ इंग्रजी वाक्यात काळ कळतो तो फक्त ‘उघडणे’ला लागलेल्या ई-डीवरून, काल, मागच्या वर्षी असा कुठलाही शब्द ठेवायचा नाही. मुलाने ओपन म्हणून ड गाळला, पण पुढे रेड वाचलं, तर ई-डी त्याच्या डोळ्यांनी पाहिला आणि डोक्याला कळला. उरलं ते फक्त तोंडाचं काम, हेल्प-टस आणि स्टॉप-टॅट. त्याने ओपन्ड स्पष्ट उच्चारून पुढे रीड वाचलं, तर उच्चाराचा तास त्याच्या उपयोगाचा नाही. त्याच्याजवळ बसून ई-डी म्हणजे ‘झालं’, एवढंच आधी शिकवायला हवं.